तीस सेकंदांची पट्टी

कापडाच्या थप्पीत कापायचं मशीन घातलं की मधेच हात उचलायचा नाही, हे मास्तरांनी आजवर कितीतरी जणींना शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांनी स्वतःच उचलला. राखाडी कापडाचे साठ थर टेबलावर पसरले होते, खडूच्या रेघेवरून उभी पाती निम्मी पुढे गेली होती, आणि छातीत अचानक कुणीतरी बंद दार बडवायला लागावं तसे ठोके सुरू झाले. डोळ्यांपुढची रेघ हलली. मास्तरांनी बटण बंद केलं, टेबलाची कड धरली आणि उभ्या राहिल्या. सात-आठ मिनिटांनी ते जसं आलं तसं गेलं.

मास्तर म्हणजे बाई. वय बावन्न. शाळांचे आणि दवाखान्यांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापड बेतायचं आणि कापायचं काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या. त्यांच्या आधी त्या टेबलावर एक पुरुष मास्तर होता, तो गेला आणि नाव मात्र टेबलालाच चिकटून राहिलं. मालकीणसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायची.

दोन महिन्यांत हे तिसऱ्यांदा घडलं होतं. दर वेळी रिक्षा करून डॉक्टरांकडे जायचं, आणि दर वेळी तिथे पोचेपर्यंत छाती शहाण्या मुलीसारखी गप्प. ईसीजीची पट्टी निघायची ती अगदी सुतासारखी सरळ, कुठेच दोष नाही. एकदा चोवीस तास छातीला वायरी चिकटवून कमरेला यंत्र बांधलं, तर ते चोवीस तास काही म्हणजे काही झालं नाही. यंत्र काढलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दार बडवणं सुरू.

"मनाचं असेल हो," शेजारची म्हणाली.

"वयाचं असतं," बटणं लावणारी म्हणाली.

मालकीण दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलापाशी येऊन उभी राहिली. "मास्तर, राग मानू नका. डॉक्टर लिहून देईपर्यंत पातीला हात लावू नका. तुमची बोटं गेली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

तिचं चुकत नव्हतं, म्हणूनच मास्तरांना जास्त लागलं. त्या तपासणीच्या टेबलावर जाऊन बसल्या. शिवलेल्या सदऱ्यांची लोंबणारी धाग्यांची टोकं कापायची आणि बटणं मोजायची. एकोणीस वर्षांनी हातात छोटी कात्री आली. मागे त्यांच्या टेबलावर दुसरी बाई मशीन चालवत होती, आणि तिचा आवाज ऐकूनच मास्तरांना कळायचं की ती कोपऱ्यावर घाई करतेय.

डॉक्टर मात्र मनाचं-वयाचं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगता तसं होत असणार. पण ते होत असताना मला दिसायला हवं. चोर पळून गेल्यावर पंचनामा करून काय उपयोग? घरात कुणाकडे ईसीजी काढणारं घड्याळ आहे का? असेल तर घाला. ते सुरू झालं की बसायचं, हात टेबलावर टेकवायचा, दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाच्या बटणावर तीस सेकंद ठेवायचं. ती पट्टी मला आणून दाखवा. नुसता आकडा नको, पट्टी हवी. आणि हो, दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर घड्याळाशी खेळत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा."

घड्याळ घरात होतं. मास्तरांचे यजमान सर्वेक्षण खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना ते भेट दिलं होतं. दोन महिने त्यांनी रोज पावलं मोजली, वहीत लिहिली, आणि मग एक दिवस पट्टा काचतो म्हणून ते खणात गेलं. आता ते बाहेर आलं, पुसलं गेलं, चार्ज झालं, आणि सवय व्हावी म्हणून मास्तरांनी दुसऱ्या दिवशी मनगटावर चढवलं.

त्याच्या पुढच्या सकाळी यजमान खुर्चीत पेपर वाचत बसले होते. फोन हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, इकडे ये. लवकर ये."

"काय झालं?"

"माझे ठोके. काल दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी एकशे अडुसष्ट. हालचाल नसताना, असं लिहिलंय." त्यांनी छातीवर हात ठेवला. "आणि मला काही जाणवलंच नाही गं! मी तर त्या वेळी शब्दकोडं सोडवत होतो."

मास्तरांनी फोनवरची वेळ वाचली. मग हळूच म्हणाल्या, "अहो, काल घड्याळ माझ्या हातात होतं."

घड्याळ अजून यजमानांच्याच फोनला जोडलेलं होतं. मास्तर संध्याकाळी घरी आल्या तसं त्याने दिवसभराचं सगळं गुपचूप त्या फोनवर उतरवलं होतं, यजमानांच्या नावावर, यजमानांच्या वयावर. यजमानांनी छातीवरचा हात काढला. सुटकेचा श्वास टाकला. आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे काल बारा वाजता तुला झालं होतं?"

"थोडंसंच. चार मिनिटं."

"आणि तू बोलली नाहीस."

"बोलून काय करणार होतात? पुन्हा रिक्षा, पुन्हा सरळ पट्टी, पुन्हा ते सगळ्यांचे चेहरे." मास्तर पदराशी चाळा करत राहिल्या. पण आतून त्यांना एक विचित्र बरं वाटत होतं. एकशे अडुसष्ट. म्हणजे ते होतं. मनाचं नव्हतं.

रविवारी बारकी आली. बारकी म्हणजे यजमानांची धाकटी बहीण. आता अडतीस वर्षांची, चांगली अंगापिंडाने भरलेली, पण घरात सर्वांत धाकटी म्हणून नाव बारकीच. मोबाइलच्या दुकानात दुरुस्तीच्या काउंटरवर ती बारा वर्षं होती. तिने घड्याळ हातात घेतलं आणि आधी भावाला झापलं.

"दादा, हे तुझ्या फोनपासून सोडवल्याशिवाय वहिनीच्या फोनला जोडलं जाणारच नाही. एका वेळी एकच घरोबा असतो याचा."

यजमानांच्या फोनमधलं अ‍ॅप उघडून तिने जोडणी काढून टाकली. घड्याळ स्वतःला पुसून कोरं झालं, पहिल्या दिवसासारखं भाषा विचारायला लागलं. यजमानांची पावलं त्यांच्या फोनवर शिल्लक राहिली, याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. मग मास्तरांचा फोन. त्यात ते अ‍ॅप उतरवून घेतलं, ब्लूटूथ सुरू केलं, आणि दोन्ही एकमेकांशेजारी ठेवले. फोनच्या पडद्यावर सहा आकडे आले. घड्याळावरही सहा आकडे आले.

"जुळतात का बघ."

मास्तरांनी खडूच्या खुणा जुळवाव्यात तसे आकडे एकेक करून जुळवले. "जुळतात."

"मग दोन्हीकडे हो म्हण."

पुढे जन्मतारीख, उंची, वजन. वजनाला मास्तरांनी दोन किलो कमी सांगितलं आणि बारकीने न बोलता दोन किलो वाढवून भरलं. ईसीजीचं वेगळं सुरू करावं लागतं, तेही तिने करून दिलं आणि एकदा बोट टेकवून दाखवलं. तेवढ्यात दुकानातून फोन आला. रविवारची गर्दी, काउंटरवर कुणी नाही.

"वहिनी, मी पळते. राहिलेलं सोपं आहे. ते विचारत जाईल, तू हो म्हणत जा."

बारकी गेली आणि मास्तर हो म्हणत गेल्या. मेसेज दाखवू का? हो. फोटोंच्या सूचना? हो. बातम्या, बाजारभाव, हवामान, क्रिकेट? हो, हो, हो आणि हो. पडदा कायम सुरू ठेवू का? मास्तरांना वाटलं, घड्याळ आहे म्हणजे वेळ दिसायलाच हवी. हो.

सोमवारी सकाळी सात वाजता मनगट थरथरलं. नात्यातल्या त्र्याऐंशी माणसांच्या ग्रुपवर कुणीतरी फुलाचं चित्र टाकून सुप्रभात म्हटलं होतं. मग उरलेली ब्याऐंशी माणसं एकेक करून सुप्रभात म्हणाली. त्यानंतर शाळेतल्या मैत्रिणी उठल्या. नऊ वाजता इमारतीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरून वाद पेटला. प्रत्येक शब्दागणिक घड्याळ थरथरायचं, उजळायचं आणि विझायचं. बटणं मोजताना मास्तरांचं दोनदा चुकलं.

"मास्तर, तुमचा हात झिणझिण्या आल्यासारखा का हलतोय?" बटणवालीने विचारलं.

"टाकीत पाणी नाही म्हणून," मास्तर म्हणाल्या.

अडीच वाजता घड्याळ काळं पडलं. चार्ज संपला होता. मंगळवारी दोन वाजताच. बुधवारी मास्तरांनी सकाळी काठोकाठ भरून नेलं, तरी तीन वाजता त्याने डोळे मिटले, आणि साडेतीन वाजता छातीत ते सुरू झालं.

मास्तर सांगितल्याप्रमाणे बसल्या. हात टेबलावर टेकवला. बोट बटणावर ठेवलं आणि मनात तीस अंक मोजले. काळ्या काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता. सहा मिनिटांनी ते थांबलं. मास्तरांनी पट्टा सोडून घड्याळ पिशवीत टाकलं. वर्षानुवर्षं त्या रडल्या नव्हत्या. त्या दिवशी कारखान्याच्या स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडल्या.

घरी आल्यावर यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी चष्मा लावून घड्याळाच्या सगळ्या पायऱ्या उतरून पाहिल्या आणि विजयी मुद्रेने वर आले. "सापडलं! बचतीची सोय आहे यात. एक बटण दाबलं की चार्ज तीन दिवस पुरतो."

आणि खरंच पुरला. गुरुवारी संध्याकाळी ऐंशीच्या वर. शुक्रवारी साठ. मनगट गप्प होतं, टाकीचा वाद परस्पर मिटला. यजमान दर तासाला फोन करून किती टक्के ते विचारत होते आणि स्वतःवर खूश होते. शनिवारी दुपारी मास्तरांनी सहज फोनमधलं अ‍ॅप उघडलं. ठोक्यांच्या आलेखात बुधवारी तीन वाजेपर्यंत डोंगरासारखी रेघ होती. तिथपासून पुढे कोरं. गुरुवार कोरा, शुक्रवार कोरा.

त्या तडक बारकीच्या दुकानात गेल्या. काउंटरपुढे तिघे उभे होते. एकाचा फोन पाण्यात पडला होता, एकाला काच बदलायची होती. बारकीने वहिनीचा चेहरा पाहिला, बाजूच्या माणसाला काउंटर सांभाळायला सांगितलं आणि तिला आतल्या स्टुलावर बसवलं.

"हे घे," मास्तर म्हणाल्या. "परत कर, विकून टाक, काहीही कर. चालू असतं तेव्हा मरतं आणि जगतं तेव्हा झोपतं."

बारकीने घड्याळ पाहिलं. मग फोन. "बचत कुणी लावली?"

"तुझ्या दादाने."

"वाटलंच. वहिनी, बचत लावली की हे घड्याळ मागच्या मागे ठोके मोजणं बंद करतं. चार्ज वाचतो तो असाच वाचतो. पहारेकऱ्याला झोपवलं की कंदिलाचं तेल वाचणारच ना?" तिने बचत काढून टाकली. "आणि आधीचं जे झालं ते माझ्यामुळे. सगळ्याला हो म्हण म्हणाले ना मी. दुकानात रोज दहा लोकांना सांगते, असं करू नका म्हणून, आणि घरच्या माणसाला घाईत तेच सांगून बसले."

"तुझं कुठे चुकलं गं."

"चुकलं. आता बघ इकडे."

तिने फोनमधल्या अ‍ॅपमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडली. छत्तीस नावं होती आणि छत्तीसही हिरवी. "यातलं तुला मनगटावर काय हवंय? फोनवर सगळं येतच राहील, कुणाचं काही बुडणार नाही. फक्त मनगटावर."

मास्तरांनी विचार केला. "फोन वाजला तर कळावं."

"ठीक. कॉल राहू दे. बाकी?"

"नात्यातल्यांना वाईट वाटेल का?"

"त्यांना कळणारसुद्धा नाही. हे तुझं तुझ्या हाताशी आहे."

एकेक बटण राखाडी होत गेलं. सुप्रभात गेलं, बाजारभाव गेले, क्रिकेट गेलं, टाकी गेली. शेवटी कॉल उरले, आणि खाली ठोके फार वाढल्याचा किंवा फार उतरल्याचा इशारा. "हा मात्र कधी बंद करायचा नाही," बारकी म्हणाली. "याच्यासाठीच तर घातलंयस." मग तिने पडदा कायम जागा राहायचा तो बंद केला, हात हलला की उजळायचा तोही बंद केला. "वेळ बघायची असेल तर बोटाने टिचकी मार. ठोके मोजणं मात्र सतत सुरू. चार्ज जायचाच असेल तर त्यावर जाऊ दे."

"मग दिवसभर पुरेल?"

"दीड दिवस पुरेल. रोज सकाळी अंघोळीला जाताना लावायचं, आवरून झालं की घालायचं. आणि एक अजून." तिने फोनच्या सेटिंगमध्ये शिरून काहीतरी बदललं. "तुझा फोनही भारी कंजूष आहे. वापरात नसलेल्या अ‍ॅपला झोपवून टाकतो, मग घड्याळातलं फोनवर उतरत नाही. आता नाही झोपवणार. तरी कधी काही दिसलं नाही तर घाबरू नकोस. घड्याळ थोडे दिवस स्वतःजवळ जपून ठेवतं. अ‍ॅप उघडायचं, बोटाने खाली ओढायचं आणि थांबायचं. एवढंच."

मास्तरांनी घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलं. एक भोक सैल होतं, बारकीने घट्ट केलं. "सैल असलं की चुकीचं मोजतं. तू कापड मोजतेस तेव्हा फीत लोंबती ठेवतेस का?"

त्यानंतर आठवडाभर काही झालं नाही. चार्ज टिकला, रेघ अखंड येत होती, दिवसभर सत्तर-पंच्याहत्तरच्या आसपास, जिना चढताना थोडी वर. मास्तरांना स्वतःच्या छातीचा राग यायला लागला. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं आणि कुणी येऊच नये तसं.

नवव्या दिवशी, सोमवारी, दुपारी चारला दहा मिनिटं कमी असताना ते आलं.

मास्तरांच्या हातात पांढरा सदरा होता. तो त्यांनी खाली ठेवला. मनगट एकदा थरथरलं, पण त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. खुर्ची पुढे ओढली, डावा हात टेबलावर टेकवला, उजव्या हाताचं बोट बटणावर ठेवलं. घड्याळाच्या काचेवर लाल रेघ धावायला लागली, दाट, दातेरी कात्रीने कापल्यासारखी. खाली आकडे उलटे मोजत होते. तीस. एकोणतीस. बटणवाली काहीतरी विचारायला वळली, तिला मास्तरांनी नुसत्या डोळ्यांनी थांबवलं. बारा. अकरा. हात हलू द्यायचा नाही, हे मास्तरांना कुणी शिकवायला नको होतं. तीन. दोन. एक.

काचेवर अक्षरं आली. ठोके फार जलद. निष्कर्ष काढता आला नाही.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते आलं, बोटाखालून गेलं, आणि यंत्र म्हणतंय, मला सांगता येत नाही. नऊ मिनिटांनी छाती शांत झाली. तोवर मालकीण पाण्याचा पेला घेऊन आली होती. "घरी जाता का?"

"नाही," मास्तर म्हणाल्या. "डॉक्टरांकडे जाते. कळू दे तरी एकदा, कळत नाही म्हणून."

यजमान परस्पर दवाखान्यात आले. आत शिरतानाच भिंतीवर पाटी होती, फोन बंद ठेवा. मास्तर नियमाच्या पक्क्या. पिशवीतून फोन काढून त्यांनी तो विमानात ठेवतात तशा स्थितीत टाकला आणि बाकावर बसल्या. पुढे पाच जण होते. यजमानांनी त्यांची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

नंबर आला. मास्तरांनी सगळं सांगितलं आणि मनगट पुढे केलं. "पण त्याला सांगता आलं नाही म्हणे."

"त्याला नाही आलं तर नाही आलं," डॉक्टर म्हणाल्या. "फार वेगात असलं की ही घड्याळं हात वर करतात. मला पट्टी दाखवा. फोनवर असेल."

मास्तरांनी अ‍ॅप उघडलं. ईसीजीच्या पानावर एकच नोंद होती, बारकीने त्या पहिल्या रविवारी करून दाखवलेली. आजची नव्हती. यजमानांनी मान लांब करून पाहिलं. "गेली?"

मास्तरांनी पान पुन्हा पाहिलं. मग त्यांना बारकीचा आवाज आठवला. घड्याळ जपून ठेवतं. त्यांनी बोटाने पान खाली ओढलं आणि थांबल्या. पडद्यावरचा गोल फिरला आणि लिहून आलं, घड्याळ जोडलेलं नाही. पुन्हा ओढलं. जोडलेलं नाही.

"बघू," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी फोनचा वरचा कोपरा पाहिला आणि हसल्या. "बाई, तुमचा फोन विमानात बसलाय. ब्लूटूथही बंद झालंय त्याच्याबरोबर. खाली उतरवा त्याला."

"पाटी होती ना बाहेर," मास्तर ओशाळून म्हणाल्या. त्यांनी ते काढलं, ब्लूटूथ सुरू असल्याचं पाहिलं, पान ओढलं. गोल फिरत राहिला. फिरता फिरता गोल नाहीसा झाला आणि रविवारच्या नोंदीवर दुसरी नोंद येऊन बसली. आज, तीन वाजून बावन्न मिनिटं.

डॉक्टरांनी ती उघडली, बोटांनी मोठी केली आणि डावीकडून उजवीकडे सरकवत शेवटपर्यंत नेली. पुन्हा पहिल्यापासून. मास्तर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"सापडला चोर," डॉक्टर म्हणाल्या. "हे बघा. एकशे चौऱ्याऐंशी. पण बघा कसे चालले आहेत, एकसारख्या अंतराने, तुमच्या टाक्यांसारखे. ही पट्टी एका बाजूनेच दिसते, त्यामुळे पक्कं हृदयाचे डॉक्टर सांगतील. पण मला विचाराल तर हृदयाच्या विजेच्या वाटेत एखादी आडवाट आहे. वीज कधीकधी तिकडे वळते आणि गोल गोल फिरत राहते. म्हणून अचानक सुरू होतं आणि अचानक थांबतं."

"हा झटका नाही?" यजमानांनी विचारलं.

"नाही. घाबरवतं खूप, पण बहुतेक वेळा जिवावर बेतत नाही. आणि याला चांगला इलाज आहे. गोळ्या आहेत, नाहीतर मांडीतून बारीक नळी घालून ती आडवाटच बंद करता येते."

मास्तर पट्टीकडेच बघत राहिल्या. डॉक्टरांना वाटलं, समजलं नाही. "म्हणजे मनाचं नाही हो तुमचं."

"ते कळलं," मास्तर म्हणाल्या. "तेच पुन्हा एकदा म्हणा."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा म्हटलं. मग चिठ्ठी लिहिली, पट्टी छापून तिला जोडली, आणि पुन्हा सुरू झालं तर बसून नाक-तोंड मिटून पंधरा सेकंद पोटाने जोर कसा द्यायचा ते करून दाखवलं. पातीचं विचारल्यावर म्हणाल्या, इलाज होईपर्यंत नाही, झाल्यावर मी स्वतः लिहून देईन.

बाहेर पायरीवर येऊन मास्तर थांबल्या. संध्याकाळचं ऊन समोरच्या भिंतीवर होतं, रस्त्यावर सायकली, कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं. त्या पायरीवरच बसल्या. यजमानही गुडघे धरत शेजारी बसले.

"मी लावलेली ती बचत," ते म्हणाले. "त्या दोन दिवसांत काही झालं असतं तर..."

"झालं नाही ना."

"दर तासाला टक्के विचारत होतो मी. एकदाही विचारलं नाही, तू कशी आहेस."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. माणूस चौतीस वर्षांत असं कधी बोलला नव्हता. "आता विचारा."

"कशी आहेस?"

"भूक लागलीय," मास्तर म्हणाल्या, आणि दोघं हसायला लागले. जाणारी-येणारी माणसं वळून बघत होती, पण त्यांना थांबता येईना.

हृदयाच्या डॉक्टरांनीही ती पट्टी पाहून तेच सांगितलं. पुढच्या महिन्यात मोठ्या दवाखान्यात ती नळीची प्रक्रिया झाली. दीड तास लागला, एक रात्र राहावं लागलं, आणि मांडीला एवढासा डाग उरला. दवाखान्यात बारकी सोबतीला होती. मास्तर शुद्धीत असताना डॉक्टरांनी आत ते मुद्दाम सुरू करून पाहिलं आणि मग बंद करून पाहिलं. नंतर कितीही प्रयत्न केला तरी सुरू होईना, तेव्हा डॉक्टर काचेपलीकडून म्हणाले, "गेलं." मास्तर छताकडे बघत पडल्या होत्या. त्यांना वाटलं होतं, या क्षणी आपल्याला खूप काही वाटेल. प्रत्यक्षात फक्त गाढ झोप आली. बाहेर आणताना त्या घोरत होत्या, असं बारकीने नंतर घरभर सांगितलं, आणि आपण घोरतो हे मास्तरांनी पहिल्यांदाच नाकारलं नाही.